खोक्यावरचा आकडा आणि डोक्यावरचे केस

हेअर कलरच्या खोक्यावर ३.१६ असा आकडा असतो आणि शेजारी ‘बरगंडी’ असं नाव. बहुतेक जणी नाव वाचतात, वरच्या फोटोतल्या मुलीचे वाइन रंगाचे केस बघतात आणि खोकं घेऊन घरी येतात. दोन तासांनी आरशात दिसतं ते वेगळंच असतं. कानशिलांवर जांभळट-गुलाबी रेघा, डोक्याचा मधला भाग होता तसाच काळा, आणि टोकांना काही झाल्याचा पत्ताही नाही. माझ्या पार्लरमध्ये अशा अवस्थेत येणाऱ्या बायकांना वाटतं, रंग खराब निघाला. रंगात बहुतेक वेळा काहीच खोट नसते. असं होणार हे त्या आकड्यातच लिहिलेलं असतं, फक्त तो कसा वाचायचा हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

टिंबाच्या आधीचा आकडा रंग किती गडद किंवा किती फिकट आहे ते सांगतो. १ म्हणजे काळा, ३ म्हणजे गडद तपकिरी, ४ तपकिरी, ५ फिकट तपकिरी. ६ पासून पुढे सोनेरी केसांची हद्द सुरू होते आणि १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडे ज्यांना आपण काळेभोर म्हणतो, ते केस या मोजपट्टीवर साधारण १ ते ३ मध्ये बसतात. एखादी बट उन्हात धरून बघा. ती उन्हातही काळीच राहिली तर १, कडेला किंचित तपकिरी झाक आली तर २, सरळच तपकिरी दिसली तर ३. ही पाहणी टोकांवर करायची नाही. भांगाजवळच्या, कधीही रंग न लावलेल्या केसांवर करायची, कारण आपला खरा आकडा तिथेच सापडतो.

टिंबानंतरचे आकडे छटेचे असतात. पहिला मुख्य छटेचा आणि दुसरा तिच्यात मिसळलेल्या, थोड्या कमी ताकदीच्या छटेचा. पुष्कळ कंपन्यांमध्ये १ म्हणजे राखाडी-निळसर, ३ म्हणजे सोनेरी, ४ म्हणजे तांबूस आणि ६ म्हणजे लाल. आता ३.१६ पुन्हा वाचा. गडद तपकिरी रंगात निळसर छटा आणि तिच्यात लाल. निळा आणि लाल एकत्र आले की जांभळ्याकडे झुकणारा रंग होतो, तोच हा बरगंडी. टिंबानंतर काहीच नसेल किंवा शून्य असेल, तर तो छटेविना साधा रंग. एकच आकडा दोनदा आला, म्हणजे ५.११ असं असलं, तर ती छटा जास्त तीव्र. काही खोक्यांवर टिंब नसतंच आणि नुसतं ३१६ किंवा ४०० छापलेलं असतं. तिथेही पहिला आकडा गडदपणाचा, मग छटा, असंच वाचायचं.

एक सावधगिरी मात्र हवी. गडदपणाचे आकडे सगळीकडे जवळजवळ सारखे असले तरी छटेचे आकडे कंपनीगणिक बदलतात. लॉरियालच्या पद्धतीत ६ म्हणजे लाल, तर वेलाच्या व्यावसायिक रंगांत ६ म्हणजे जांभळा. त्यामुळे एका कंपनीचा आकडा लक्षात ठेवून दुसऱ्या कंपनीचं खोकं उचललं तर फसगत होते. कंपनी बदलली की त्या कंपनीची शेडची पट्टी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे सगळं वाचता आलं तरी आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. ट्यूबमधला रंग कोणता ते त्यातून कळतं, डोक्यावर काय होईल ते कळत नाही. ते डोक्यावर आधी काय आहे यावर ठरतं. नेहमी दिसणारं एक डोकं उदाहरणाला घेऊ.

एक ताई आहेत, पन्नाशीच्या आसपासच्या. मूळचे केस २ नंबरचे. कानशिलांवर आणि भांगाच्या पुढच्या बाजूला निम्मे केस पांढरे. दोनेक वर्षं त्या दर महिन्याला काळा डाय पूर्ण केसांना लावत आल्या आहेत. शेवटचा डाय होऊन दोन महिने झाल्यामुळे मुळांशी दोन-अडीच सेंटिमीटर नवे केस आलेत. काळ्याचा कंटाळा आला म्हणून त्या ३.१६ घेतात. म्हणजे त्यांच्या डोक्यावर एकाच वेळी तीन प्रकारचे केस आहेत आणि तिन्हींवर तोच रंग तीन तऱ्हांनी बसणार आहे.

मुळांजवळच्या पांढऱ्या केसांत स्वतःचा रंगच उरलेला नसतो. खाली काही नसल्यामुळे वरून येणारी छटा पूर्ण तेजाने दिसते, आणि गडदपणा देणारा साधा तपकिरी भाग अशा फॅशन शेडमध्ये कमी असल्यामुळे पांढरे केस जांभळट-गुलाबी होतात. मुळांजवळच्या काळ्या केसांत मूळ रंग भरपूर असतो. तो थोडासा फिका होतो, त्यावर वाइनची झाक येते, आणि ती झाक गॅलरीत उन्हात उभं राहिलं तरच दिसते. राहिली टोकं. त्यांत दोन वर्षांचा काळा डाय थरावर थर बसलेला आहे. तिथे काहीच होत नाही.

टोकांवर काही का होत नाही, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. कलर आपल्या नैसर्गिक रंगाला थोडा फिका करू शकतो, पण आधी बसलेला डाय तो हलवू शकत नाही. काळ्या डायवर ४ लावा, ५ लावा, ७ लावा, खालचा काळा तसाच राहतो. तो काढायला ब्लीच लागतं किंवा डाय उतरवणारं वेगळं रसायन लागतं, आणि ते काम घरी, बाथरूमच्या आरशासमोर करायचं नाही. म्हणून दोन शेडमध्ये मन अडकलं असेल तर फिकी घ्यावी. फिक्यावरून गडद करणं पुढच्या महिन्यात सहज जमतं, गडदवरून फिकं करताना केसांची किंमत मोजावी लागते.

मग ताईंनी काय घ्यावं? त्यांच्या केसांना ३ किंवा ४, छटेशिवाय, आणि तोही फक्त मुळांशी आलेल्या नव्या केसांना. पांढऱ्यावर ४ लावला की तपकिरी ४ च येतो. शेजारचा २ नंबरचा काळा केस एखाद-दोन पायऱ्या फिका होऊन ३-४ च्या आसपास पोचतो, आणि दोघांतला फरक दिसेनासा होतो. काळ्या केसांच्या पोटात लालसर-तांबूस रंग दडलेला असतो. वरचा काळा थोडा हटला की तो डोकावतो, म्हणून साधा ४ सुद्धा उन्हात जरा तांबूस वाटतो. तो तांबूसपणा नको असेल तर राखाडी छटेची, म्हणजे ४.१ सारखी शेड त्याला दाबते. पण पांढरे केस निम्मे किंवा त्याहून जास्त असतील तर राखाडी शेड एकटी वापरू नये. पांढऱ्यावर ती निस्तेज दिसते, कधीकधी हिरवट-करडी झाक येते. अशा डोक्याला शून्याची शेडच बरी.

दर वेळी पूर्ण केसांना रंग लावायचं कारण नाही. तसं केलं की टोकांवर थर साचत जातात, टोकं मुळांपेक्षा गडद आणि कोरडी होतात. महिन्याला साधारण सेंटीमीटरभर केस वाढतो, तेवढ्यालाच ब्रश लावावा. टोकांचा रंग उडालेला दिसत असेल तरच शेवटची पाच मिनिटं उरलेला रंग खाली ओढून घ्यावा.

आता दुसरा आकडा, डेव्हलपरचा. खोक्यात ट्यूबबरोबर जी बाटली येते तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ट्यूबमधला रंग मुळात जवळजवळ बिनरंगी कच्चा माल असतो. अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेला पदार्थ केसाचं वरचं खवलं सैल करतो, हे बारीक रेणू आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू होतात आणि आतच अडकतात. वाटीत कालवलेलं पांढरट क्रीम बघता बघता काळपट होतं ते याच कारणाने. म्हणून वाटीतल्या रंगावरून डोक्यावरच्या रंगाचा अंदाज बांधता येत नाही.

डेव्हलपरच्या बाटलीवर १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं, किंवा ३, ६, ९, १२ टक्के असं. दोन्हींचा अर्थ तोच. २० व्हॉल्यूम म्हणजे ते द्रावण एक लिटर घेतलं आणि पूर्ण विघटन होऊ दिलं, तर सुमारे २० लिटर ऑक्सिजन वायू निघेल. टक्केवारीत तेच ६ टक्के. घरगुती खोक्यातला डेव्हलपर त्या ट्यूबच्या हिशोबाने बनवलेला असतो. बाटलीवर आकडा छापलेला नसला तरी तो बदलू नये आणि दुसऱ्या खोक्यातला वापरू नये.

खरा घोटाळा होतो तो ट्यूब वेगळी आणि डेव्हलपर वेगळा घेताना. सौंदर्यप्रसाधनांच्या घाऊक दुकानात लिटरच्या बाटल्या रांगेने मांडलेल्या असतात आणि ‘रंग पक्का बसावा’ म्हणून बायका ४० ची उचलतात. व्हॉल्यूमचा आकडा रंगाच्या पक्केपणाचा नाही. तो मूळ रंग किती फिका होईल याचा आहे. १० व्हॉल्यूम केस जवळजवळ फिके करत नाही, नुसता रंग भरतो. २० एक ते दोन पायऱ्या फिके करतो आणि पांढरे झाकायला तोच योग्य. ३० दोन-तीन पायऱ्या, ४० त्याहून पुढे. ४० व्हॉल्यूमबरोबर गडद शेड लावली तर दोन्हीकडून नुकसान होतं. केसाचं खवलं इतकं उचकटतं की रंग आत टिकत नाही, काही धुण्यांत निघून जातो, आणि टाळूची आग होते ती वेगळी. आपल्या २-३ नंबरच्या केसांवर पांढरे झाकायचे असतील किंवा थोडी तपकिरी झाक हवी असेल, तर घरी २० च्या वर जायची गरजच पडत नाही. त्यापुढचं काम टाळूला न लागता, नजर ठेवून करायचं असतं.

मिसळायचं प्रमाणही चिठ्ठीत दिलेलं असतं, बहुधा ट्यूबच्या बरोबरीने डेव्हलपर किंवा दीडपट. ६ टक्क्यांचा डेव्हलपर बरोबरीने मिसळला की डोक्यावर ३ टक्केच पोचतो. अंदाजाने जास्त ओतला तर मिश्रण पातळ होऊन गळतं, रंगाचा माल पुरत नाही आणि पांढरे केस अर्धवट रंगतात. पांढरे केस पारदर्शक-तपकिरी दिसायला लागले की बहुतेक वेळा कारण हेच असतं, किंवा वेळेआधी धुतलेलं असतं. औषधाच्या दुकानात जखमेसाठी मिळणारं ६ टक्क्यांचं पेरॉक्साइडही २० व्हॉल्यूमच असतं, पण ते पाण्यासारखं पातळ आहे. रंगात कालवलं तर कपाळावरून डोळ्यात येईल. ते डेव्हलपर म्हणून वापरायचं नाही.

मेंदी लावणाऱ्यांसाठी इथे थांबून सांगायला हवं. पुष्कळ घरांत मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवतात, रंग गडद यावा म्हणून. त्या मेंदीबरोबर लोहाचा अंश केसांवर बसतो. बाजारातल्या काही तयार मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात. लोह आणि तांब्यासारखे धातू पेरॉक्साइडचं विघटन एकदम वेगाने घडवतात. केस गरम होतात, चुरचुरतात, तुटतात. म्हणून वाटीही धातूची नको, प्लास्टिकची किंवा काचेची घ्यावी. आणि मेंदीचे केस असतील तर आधी एका बटेवर चाचणी करावी. मानेच्या मागून, आतल्या बाजूची बारीक बट कापून घ्या, टोकाला दोरा बांधा, खोक्यातल्या प्रमाणात थोडासा रंग कालवून तिला लावा आणि चिठ्ठीतला पूर्ण वेळ ठेवा. बट हाताला कोमट लागली, फेस आला, किंवा ओढल्यावर रबरासारखी ताणून तुटली, तर ते खोकं तुमच्यासाठी नाही. यातलं काही झालं नाही तर धुऊन, वाळवून, खिडकीशी नेऊन रंग बघा. मेंदी नसली तरी नवी शेड घेताना ही बट उपयोगी पडते, कारण निकाल खोक्यावरच्या फोटोचा नसतो, तुमच्या केसाचा असतो.

ही चाचणी केसांसाठी झाली. त्वचेची चाचणी वेगळी, आणि ती टाळणं मला कधीच पटलेलं नाही. कायम टिकणाऱ्या गडद रंगांत बहुधा पीपीडी नावाचा पदार्थ असतो. घटकांच्या यादीत तो पॅराफिनिलीनडायअमीन किंवा पी-फिनायलीनडायअमीन अशा लांब नावाने येतो. काहींना त्याची ॲलर्जी होते, आणि ती दहा वर्षं निर्धास्त डाय लावल्यानंतरही होऊ शकते. म्हणूनच भारतातल्या सौंदर्यप्रसाधने नियमांत हेअर डायच्या चिठ्ठीवर कोणती सूचना हवी ते ठरवून दिलं आहे. कानामागची किंवा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूची त्वचा स्वच्छ करून थोडा रंग लावायचा, वाळू द्यायचा, २४ तासांनी धुऊन बघायचं, आणि हे प्रत्येक वेळी रंगवण्याआधी करायचं. भुवया आणि पापण्यांना रंग लावायचाच नाही, त्याने आंधळेपण येऊ शकतं, हेही त्याच सूचनेत आहे. मी २४ तासांवर थांबत नाही, ४८ तास बघायला सांगते, कारण ही ॲलर्जी उशिरा उठणारी आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या रंगांवरही ४८ तास आधी चाचणी करायची सूचना असते.

लावताना लगेच चुरचुरणं आणि ॲलर्जी यांत फरक आहे. पहिल्या पाच-दहा मिनिटांत टाळूला झोंबलं आणि धुतल्यावर शमलं, तर ती बहुधा अमोनियाची किंवा पेरॉक्साइडची जळजळ. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर खाज आणि पुरळ उठलं, पापण्या सुजल्या, तर ती ॲलर्जी. रंग डोक्याला लावलेला असूनही सूज डोळ्यांवर येते, त्यामुळे अनेक जणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात आणि डायचा उल्लेखच करत नाहीत. चेहरा भराभर सुजला, ओठ-जीभ जड झाली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

इथे खोक्यावरचे दोन शब्द सगळ्यात जास्त फसवतात. ‘अमोनिया-फ्री’ याचा अर्थ वास आणि झोंबणं कमी. पीपीडी त्यात असू शकतं. आणि ‘हर्बल’ किंवा ‘काळी मेंदी’ लिहिलेल्या पुडीत आवळा-शिकेकाईच्या जोडीला पीपीडी असतंच असं नाही, पण पुष्कळदा असतं. खऱ्या मेंदीचा रंग काळा येत नाही, नारिंगी-तांबूस येतो. जी पूड तासाभरात केस काळे करते तिची घटकांची यादी वाचावी. जत्रेत किंवा पर्यटनस्थळी हातावर काढून घेतलेल्या काळ्या टॅटूने कधी फोड आले असतील, तर चाचणीसुद्धा करू नका, कारण शरीर एकदा पीपीडीला ओळखू लागलं की पुढची लाट जास्त जोराची असते. पीपीडीऐवजी जवळचा भाऊबंद पदार्थ वापरलेले रंगही मिळतात, पण ज्यांना पीपीडी चालत नाही त्यांतल्या अनेकांना तोही चालत नाही.

रंगवण्याच्या दिवशी टाळूवर ओरखडा, फोड किंवा ताजी खाजवल्याची जखम नसावी. आदल्या दिवशी केस धुतले तर चालतं, त्याच दिवशी घासून धुऊ नयेत, टाळूवरचं थोडं तेल संरक्षण देतं. कपाळाच्या कडेला आणि कानांना व्हॅसलीन, हातात खोक्यातले हातमोजे. घड्याळ चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणेच लावायचं. जास्त ठेवल्याने रंग जास्त टिकत नाही. उरलेलं मिश्रण बाटलीत झाकण लावून ठेवू नका. आत वायू तयार होत राहतो आणि बाटली फुटू शकते, शिवाय तासाभरात त्याचा रंग केसावर बसायच्या लायकीचा राहत नाही. ते लगेच धुऊन टाकायचं.

खोकं मात्र फेकायचं नाही. आठवडाभर तरी कपाटात ठेवायचं. अंगावर काही उठलंच तर त्वचारोगतज्ज्ञांना ते खोकं दाखवता येतं. घटकांची यादी वाचून ते पाठीवर पट्ट्या लावून करायची चाचणी ठरवतात आणि नेमका कोणता पदार्थ तुम्हाला सोसत नाही ते सांगू शकतात. सगळं सुरळीत झालं तर खोक्याचा शेडचा आकडा असलेला तेवढा तुकडा कापून घ्या आणि त्याच्या मागे तारीख, किती वेळ ठेवला आणि फक्त मुळांना लावला की पूर्ण केसांना, एवढं लिहून ठेवा. पुढच्या वेळी दुकानात जाताना तोच सोबत न्यायचा.